समजून घ्या : 'कामावर हजर व्हा' नोटिशीची मुदत संपली, तर नोकरी आपोआप जाते का?

जालना, अंबड, परतूर आणि जाफराबाद आगारांतील एसटी कर्मचाऱ्यांना २०२१-२२ चा संप आठवत असेल. राज्य सरकारमध्ये विलीनीकरणाच्या मागणीसाठी गाड्या उभ्या राहिल्या आणि महामंडळाकडून नोटिसा निघाल्या. रोजंदारीवरील कर्मचाऱ्यांना तर २४ तासांत हजर होण्यास सांगण्यात आले. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत रुजू होण्याची मुदत दिली. तोवर येणाऱ्यांना परत घ्यावे, न येणाऱ्यांवर कारवाईस महामंडळ मोकळे राहील, असे त्यात होते.

संप संपला, पण अशी नोटीस आजही कुणाच्याही घरी येऊ शकते. त्यात साधारण तीन गोष्टी असतात : कोणत्या तारखेपासून गैरहजर, किती दिवसांत हजर व्हायचे आणि न आल्यास काय होईल. गोंधळ होतो तो तिसऱ्या गोष्टीवर. 'नोकरी सोडल्याचे समजण्यात येईल' हे वाक्य वाचून अनेक जण सगळे संपले असे मानून घरीच बसतात.

कायदा तसे म्हणत नाही. डी. के. यादव या कामगाराला कंपनीने ३ डिसेंबर १९८० पासून गैरहजर ठरवून १२ डिसेंबरच्या पत्राने कमी केले. आठ दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी म्हणजे नोकरी गेली, असा तिथला स्थायी आदेश होता. यादव यांचे म्हणणे वेगळेच होते : मी रोज येत होतो, गेटवरच अडवले, हजेरीपटावर सही करू दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये सांगितले की, म्हणणे न ऐकता आणि चौकशी न करता असे काढता येणार नाही. त्यांना निम्म्या मागील पगारासह कामावर घेण्याचा आदेश झाला.

म्हणजे मुदत संपली तरी आधी आरोपपत्र, मग चौकशी, मग शिक्षा. मात्र चौकशीला न जाणाऱ्याचे प्रकरण एकतर्फी निकाली निघू शकते, आणि पत्ता बदलल्याचे ऑफिसला कळवलेच नसेल तर 'नोटीस मिळाली नाही' हे म्हणणे फारसे टिकत नाही. आजारपणासारखी खरी अडचण असेल तर चित्र बदलते. गैरहजेरी जाणूनबुजून होती का, हे आधी ठरले पाहिजे, असे याच न्यायालयाने २०१२ मध्ये कृष्णकांत परमार यांच्या प्रकरणात म्हटले आहे.

म्हणून मुदतीच्या आत लेखी उत्तर द्या, दवाखान्याचे कागद जोडा, आणि आवक शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवा. शक्य असेल तर प्रत्यक्ष हजर व्हा. गेटवर अडवले तर त्याच दिवशी स्पीड पोस्टाने किंवा ई-मेलने कळवा. यादव यांना जे तोंडी सांगावे लागले, ते तुमच्याकडे तारखेसह कागदावर असेल.