चाळीस मिनिटांची किंकाळी

मेटल बँडचा गायक माइक तोंडाशी धरून गुरगुरतो, किंचाळतो, तेव्हा पहिल्यांदा ऐकणाऱ्याच्या मनात एकच प्रश्न येतो: याचा घसा फाटत कसा नाही? प्रश्न रास्त आहे, कारण कित्येकांचा फाटतो. नवखा गायक रेकॉर्डवर ऐकलेला आवाज जोर लावून काढायला जातो, तिसऱ्या गाण्याला त्याचा आवाज बसतो आणि दुसऱ्या दिवशी दर दोन वाक्यांमागे त्याला घसा खाकरावा लागतो. दुसरा एखादा गायक मात्र वर्षानुवर्षे तसाच ओरडतो आणि कार्यक्रम संपल्यावर शांतपणे गप्पा मारतो. दुसऱ्याचा घसा जात्याच दणकट असतो असं लोक समजतात. खरं तर या दोघांचा आवाज घशातल्या वेगवेगळ्या ठिकाणी तयार होत असतो.

कंठमण्याच्या मागे स्वरयंत्रात स्वरतंतूंची जोडी असते. पुरुषांमध्ये त्यांची लांबी साधारण दोन सेंटिमीटर, बायकांमध्ये त्याहून कमी. फुप्फुसातून वर येणाऱ्या हवेने ते उघडमीट करतात आणि आवाज निघतो. ही उघडमीट किती वेळा होते याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चाळीस मिनिटांच्या सेटमध्ये गायक निम्मा वेळ, म्हणजे वीस मिनिटं, प्रत्यक्ष गातो आणि त्याचा सूर सेकंदाला सरासरी ३०० कंपनांचा आहे असं धरलं, तर त्या संध्याकाळी दोन्ही तंतू एकमेकांवर ३ लाख ६० हजार वेळा आपटतात. गाताना हे आपटणं हलकं असेल तर तंतू ते सहज सोसतात. छातीतून हवेचा जोर वाढवला आणि घसा आवळला की प्रत्येक आघात जड होतो. आघात सर्वांत जोरात बसतो तो तंतूंच्या मधल्या भागावर. तिथे आधी सूज येते, आणि हेच महिनोन्‌महिने चाललं की त्याच जागी समोरासमोर दोन गाठी तयार होतात.

याच स्वरतंतूंच्या वर मांसल घड्यांची आणखी एक जोडी असते. त्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात. आपल्या रोजच्या बोलण्यात त्यांचं काही काम नसतं. तिबेटी मठांतले भिक्षू मंत्र म्हणताना जो खोल, घोगरा नाद काढतात किंवा तुवा प्रांतातले गायक जी कार्गिरा नावाची गायकी गातात, त्यात याच घड्या थरथरतात. मेटलमधल्या खोल ग्राउलचा मोठा भाग इथूनच येतो. उंच, चिरका स्क्रीम काढण्याची रीत निराळी आहे. त्यात खरे तंतू सकाळी उठल्या उठल्या निघणाऱ्या करकरीत आवाजासारखे, अगदी कमी हवेवर सैल वाजवले जातात. पण दोन्ही रीतींचा नियम एकच. खरखर स्वरतंतूंच्या वरच्या भागात किंवा फार थोड्या हवेवर निर्माण व्हावी आणि तिला मोठं करण्याचं काम माइकने करावं. न्यूयॉर्कच्या गायनशिक्षिका मेलिसा क्रॉस यांनी २००५ मध्ये ‘द झेन ऑफ स्क्रीमिंग’ ही शिकवणीची डीव्हीडी काढली. लॅम्ब ऑफ गॉडचा रँडी ब्लाइद आणि आर्च एनिमीची अँजेला गोसो हे दोघे तिच्यात आहेत. इतक्या भयंकर आवाजाचे गायक शिक्षकाकडे जाऊन शिकतात, ही गोष्ट तेव्हा अनेक चाहत्यांना नवी होती.

आपली खरखर कुठून येते हे गायकाला स्वतःला तपासता येतं. घरात, बोलण्याइतक्याच आवाजात, पाच-सहा सेकंदांचा स्क्रीम काढायचा आणि तो न थांबवता सरळ स्वच्छ ‘आ’मध्ये उतरवायचा. ‘आ’ लगेच, मोकळा आला तर वाट बरोबर आहे. ‘आ’ फुसका आला, उशिरा आला, घशात खवखव झाली किंवा ठसका लागला तर तो स्क्रीम तंतूंवर घासून काढलेला होता. बोलण्याइतक्या आवाजात जो स्क्रीम जमत नाही, तो स्टेजवर ओरडून जमणार नाही. स्टेजवर तो फक्त जास्त दुखेल.

आता एखाद्या पबमधला रात्री नऊचा कार्यक्रम घेऊ. साउंडचेक पाचला आहे. बहुतेक बँड तिथेच पहिली गडबड करतात: गायक पूर्ण ताकदीने तीन-चार गाणी गाऊन टाकतो. साउंड इंजिनिअरला पातळी लावायला एका गाण्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत हळू भाग पुरतो. तेवढा द्यावा आणि बाकीच्या गाण्यांच्या फक्त सुरुवाती पाहून घ्याव्यात.

सव्वाआठला गळा तापवायला सुरुवात. यासाठी लागतं अर्धा ग्लास पाणी आणि साधी स्ट्रॉ. स्ट्रॉचं टोक पाण्यात दोन-तीन सेंटिमीटर बुडवायचं, ओठ घट्ट मिटायचे आणि स्ट्रॉमधून ‘ऊ’ म्हणत बुडबुडे काढायचे. बुडबुडे एकसारखे, न तुटता यायला हवेत. मग सूर खालून वर, वरून खाली सावकाश सरकवायचा. स्ट्रॉच्या व्यायामामागचं शास्त्र अमेरिकी संशोधक इन्गो टिट्झ यांनी उलगडून दाखवलं. नळी अरुंद असल्यामुळे तोंडातल्या हवेचा थोडा दाब मागे, स्वरतंतूंवर वरून पडतो. त्यामुळे तंतू किंचित दूर राहतात आणि कमी जोरात आपटूनही चांगले कंप पावतात. म्हणजे तंतूंना पूर्ण ताण देऊन वाजवता येतं आणि त्यांची झीज मात्र कमी होते. पाच मिनिटं हे, मग दोन मिनिटं ओठांची फुरफुर, मग मिटल्या तोंडाने गुणगुणणं, मग एक गाणं स्वच्छ आवाजात. स्क्रीम सर्वांत शेवटी, तोही छोटा आणि हळू. एवढ्याला वीस मिनिटं लागतात. गाडीतून येताना आवडत्या गाण्यासोबत ओरडणं म्हणजे गळा तापवणं नव्हे. त्यात सेटमधली पहिली दहा मिनिटं आधीच खर्ची पडलेली असतात.

पाण्याबद्दल एक गैरसमज आहे. प्यायलेलं पाणी स्वरतंतूंवरून वाहत नाही. ते अन्ननलिकेत जातं आणि तंतूंपर्यंत ओलावा पोचतो तो रक्तावाटे, बऱ्याच वेळाने. म्हणून दिवसभर थोडं थोडं पाणी पिणं महत्त्वाचं आहे. स्टेजवरच्या घोटाने तोंड आणि घसा ओला होतो, इतकंच. वाफ मात्र थेट तंतूंपर्यंत जाते, त्यामुळे एसी हॉलमध्ये गाण्यापूर्वी दहा मिनिटं साध्या गरम पाण्याची वाफ घेतलेली चांगली.

स्टेजवर गेल्यावर खरा शत्रू असतो तो गोंगाट. आजूबाजूला आवाज वाढला की माणूस नकळत आपलाही आवाज चढवतो, हे एत्येन लोंबार्ड या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये दाखवून दिलं. लहान स्टेजवर ड्रम गायकाच्या पाठीला लागून असतात. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही तोवर गायक जोर लावत राहतो, आणि हे बहुतेक वेळा त्याच्या नकळत होतं. उपाय घशात शोधून सापडणार नाही, तो स्टेजच्या मांडणीत आहे. मॉनिटरमध्ये गायकाचा आवाज सर्वांत वर हवा, गिटारचे अँप त्याच्या कानांपासून वळवलेले हवेत. इन-इअर मॉनिटर परवडत नसतील तर एका कानात फोमचा इअरप्लग घालून पाहावा. बाहेरचा गोंगाट कमी होतो आणि आपला आवाज हाडांवाटे आतून ऐकू येतो.

माइक पकडण्याची तऱ्हाही इथे महत्त्वाची आहे. अनेक गायक माइकच्या जाळीभोवती मूठ आवळतात, कारण त्याने आवाज भारदस्त झाल्यासारखा वाटतो. पण समोरचा आवाज घेण्यासाठी बनवलेल्या माइकच्या मागची छिद्रं मुठीने बंद होतात आणि तो चहूबाजूंचा आवाज घेऊ लागतो. शिट्टी वाजायला लागते, इंजिनिअर गायकाचा आवाज खाली आणतो, आणि ऐकू येईनासं झाल्यावर गायक आणखी जोर लावतो. मूठ दांड्यावर सरकवली की ही साखळी तुटते.

गाण्यांचा क्रमही घशाचा विचार करून लावावा. सलग स्क्रीमची तीन गाणी झाली की पुढे नुसतं वाद्यांचं एखादं गाणं किंवा लांब गिटार सोलो असलेलं गाणं ठेवलं तर तंतूंना दोन-तीन मिनिटं मिळतात. मधल्या वेळात श्रोत्यांवर ओरडून बोलायचं नाही. आणि सेट संपला की लगेच पाच मिनिटं पुन्हा स्ट्रॉ. त्यानंतरचा तास मला सगळ्यात धोक्याचा वाटतो: तंतू सुजलेले असतात, पबमध्ये डीजे चालू असतो आणि मित्र कानाशी येऊन बोलत असतात. दारू, रात्री उशिराचं मसालेदार जेवण आणि लगेच झोप यांनी पोटातलं आम्ल वर येतं व सूज वाढते. बाहेर जाऊन बोलावं किंवा बोलू नये. कुजबुजही नको, कारण कुजबुजताना बरेच जण घसा आवळतात.

सूज आली आहे का, हे बोलण्यावरून कळत नाही. यासाठी अमेरिकी स्वरतज्ज्ञ डॉ. रॉबर्ट बॅस्टियन यांनी सुचवलेली तपासणी मला फार मोलाची वाटते. वाढदिवसाच्या गाण्याची पहिली ओळ अगदी हळू, लहान मुलाच्या आवाजात, उंच सुरावर म्हणायची आणि दर वेळी एकेक सूर वर चढायचं. एका सुरावर आवाज उशिरा फुटतो किंवा नुसती हवा येते. तो सूर वहीत लिहून ठेवायचा. उंच सुरावर तंतू ताणून पातळ होतात, आणि किंचित सूज असली तरी ते नीट मिटत नाहीत. मोठ्याने गायलं तर हवेच्या जोराने ही उणीव झाकली जाते, म्हणून हळूच म्हणायचं. कार्यक्रमानंतरच्या सकाळी हा सूर दोन-तीन स्वरांनी खाली येणं स्वाभाविक आहे. एक-दोन दिवसांत तो परत वर यायला हवा. आला नाही तर पुढची तालीम रद्द करावी, आणि घोगरेपणा दोन आठवडे टिकला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन स्ट्रोबोस्कोपी करून घ्यावी. तिच्यात तंतूंची कंपनं संथ गतीत डोळ्यांना दिसतात.

एक प्रसंग मात्र दोन आठवडे थांबण्याचा नाही. गाताना अचानक, एका ओळीत, आवाज निघून गेला तर तंतूतली बारीक रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. दुखेलच असं नाही. अशा वेळी सेट तिथेच थांबवायचा. बोलणंही बंद करायचं आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टर गाठायचे. त्या रात्री वेदनाशामक म्हणून ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये, त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. घसा बधिर करणाऱ्या गोळ्या चघळून किंवा स्टेरॉइडचं इंजेक्शन मागून उरलेली गाणी पार पाडणं तर त्याहून वाईट, कारण दुखापत तशीच राहते आणि ती सांगणारी खूण तेवढी जाते. एरोस्मिथच्या स्टीव्हन टायलरने २००६ मध्ये घशाच्या शस्त्रक्रियेसाठी उत्तर अमेरिकेचा उरलेला दौरा सोडून दिला. त्याच वर्षी ४ जुलैला तो बॉस्टनमध्ये पुन्हा गायला, आणि शरद ऋतूत बँड नव्या दौऱ्यावर निघाला.