बाझा आवाज हाच बाझा पासवर्ड

‘विषय: अहो, मीच आहे!’ एवढा मथळा टाकून ठाण्याच्या एका बाईंनी आपल्या बँकेला ईमेल धाडला. मजकूर साधारण असा:

“महोदय, मला सर्दी झाली आहे. फोन बँकिंगला लावलं की तुमचं यंत्र मला ‘माझा आवाज हाच माझा पासवर्ड’ म्हणायला लावतं. मी म्हणते. ते म्हणतं, ‘क्षमस्व, आपला आवाज जुळत नाही.’ मी पुन्हा म्हणते, ते पुन्हा क्षमस्व. भाजीवाल्याला माझा आवाज फोनवर ‘हॅलो’च्या आत ओळखू येतो. तो उधारीसुद्धा देतो. तुम्ही तर माझेच पैसे मला दाखवत नाही. कृपया यंत्राला कानाच्या डॉक्टरांकडे न्यावं.”

पत्र झकास आहे, फक्त डॉक्टर चुकले. कानाचे नव्हे, नाकाचे हवेत.

नाक दाबा आणि ‘मामा’ म्हणा

आत्ताच करून बघा. नाक चिमटीत धरा आणि लांबलचक ‘आ’ म्हणा. काही फरक पडत नाही, कारण ‘आ’ची हवा तोंडातून जाते. आता तसंच नाक धरून ‘मामा’ म्हणा. ‘बाबा’ ऐकू येईल. ‘नाना’ म्हटलंत तर ‘दादा’. चिमटीने सगळं नातंगोतं बदललं!

‘म’ म्हणताना ओठ बंद असतात आणि ‘न’ म्हणताना जीभ वाट अडवते. दोन्ही वेळा हवेला नाकाचाच रस्ता उरतो. सर्दीत तोही सुजून बंद होतो आणि ‘म’चा ‘ब’, ‘न’चा ‘द’ होतो. बाईंच्या फोनमधून बँकेला जे ऐकू गेलं ते असं: ‘बाझा आवाज हाच बाझा पासवर्ड’. इंग्रजी वाक्यही सुटत नाही, ‘माय व्हॉइस’चं ‘बाय व्हॉइस’ होतं. सर्दी झालेल्याला आपण ‘काय नाकात बोलतोयस’ म्हणतो, पण घडत असतं नेमकं उलटं. त्याच्या बोलण्यातून नाक गायब झालेलं असतं.

आता यातली खरी गंमत. आवाजावरून माणूस ओळखायच्या शास्त्रात नाकातल्या ध्वनींना फार मान आहे, आणि १९६०-७०च्या दशकांतल्या प्रयोगांपासून आहे. कारण सोपं आहे. जीभ, ओठ, जबडा हवा तसा हलवून नकला करता येतात, पण नाकाची पोकळी कुणाला हलवता येत नाही. ती ज्याची त्याची, जन्माची. म्हणून ‘म’ आणि ‘न’मध्ये माणसाची सही फार स्वच्छ उमटते. म्हणजे नकलाकाराला जी जागा सगळ्यात अवघड, तीच जागा साध्या सर्दीला सगळ्यात सोपी. आणि बँकेचं वाक्य सुरू कशाने होतं? ‘म’ने.

ठसा म्हणे ठसा

१९६२मध्ये बेल लॅब्जच्या लॉरेन्स कर्स्टा यांनी ‘नेचर’ नियतकालिकात लेख लिहून ‘व्हॉइसप्रिंट’ हा शब्द गाजवला. बोटांचे ठसे तसे आवाजाचे ठसे, ही त्यामागची कल्पना. अमेरिकी न्यायालयांत ती काही काळ चाललीही. मग १९७९मध्ये तिथल्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या समितीने अहवाल देऊन सांगितलं, जरा जपून, या पद्धतीचा पाया अजून पक्का नाही. बोटाला सर्दी होत नाही, हे तर कुणीही सांगितलं असतं. बोटाचा ठसा म्हणजे शरीराचा आकार. आवाज ही शरीराने त्या क्षणी केलेली कृती असते, आणि ती थकते, सुजते, खोकते.

सुजते म्हणजे शब्दशः सुजते. बायकांच्या स्वरतंतूंची कंपनं बोलताना सेकंदाला साधारण २००, पुरुषांची १०० ते १२०. घसा बसला की तंतू जाड आणि जड होतात, सावकाश आणि अडखळत थरथरतात. आवाज खाली उतरतो, वर खरखर येते. सर्दीने नाक, खोकल्याने घसा. यंत्राच्या दोन्ही खुणा एकदम पुसल्या जातात.

त्यात भर फोनची. जुन्या पद्धतीची टेलिफोन लाइन ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज पुढे पाठवते. म्हणजे बाईंच्या आवाजाचा २००चा मूळ स्वर लाइनीवर चढतच नाही. वरच्या पटींवरून आपला मेंदू आणि यंत्र तो ताडतात. नोंदणी केली चांगल्या मोबाइलवरून, आणि फोन लावला दिवाणखान्यातल्या स्पीकरफोनवरून, तर धडधाकट गळ्यालाही गुण कमी पडू शकतात.

गुण किती पडले?

हो, गुणच. यंत्र ‘ओळखलं’ किंवा ‘नाही ओळखलं’ असा विचार करत नाही. नोंदणीच्या वेळी ते तुमच्याकडून तेच वाक्य दोन-तीनदा म्हणवून घेतं आणि त्यातून आकड्यांचा एक नमुना बनवतं. पुढच्या प्रत्येक फोनला नवा आवाज त्या नमुन्याशी ताडून गुण देतं. बँकेने आखलेल्या रेषेच्या वर गेलात तर आत, खाली राहिलात तर क्षमस्व.

समजायला सोपे म्हणून काल्पनिक आकडे घेऊ. बाईंना एरवी १००पैकी ८८ पडतात, रेषा ७५वर आहे, सर्दीत ६६ पडले. मग रेषा ६५वर आणली की झालं? बाई आत येतील खऱ्या, पण आवाज थोडासा जुळणारी आणि ६८ गुण मिळवणारी एखादी अनोळखी बाईसुद्धा आत येईल. रेषा वर नेली की खरे ग्राहक बाहेर राहतात, खाली आणली की खोटे आत शिरतात. दोन्ही चुका शून्यावर आणणारी जागा कुठल्याच रेषेला सापडलेली नाही. म्हणून बाईंना नाकारणारं यंत्र बिघडलेलं नव्हतं, ते आपलं काम करत होतं. चूक होती ती पुढची वाट न ठेवणाऱ्याची.

आता यावर मीठ चोळणारा किस्सा. २०१७मध्ये बीबीसीचे वार्ताहर डॅन सिमन्स यांनी ब्रिटनमध्ये एचएसबीसीत खातं उघडून आवाजाची नोंदणी केली आणि फोन दिला आपल्या जुळ्या भावाच्या हातात. भाऊ तंतोतंत सारखा दिसणारासुद्धा नव्हे. त्याने डॅनची नक्कल केली. सात वेळा यंत्राने हाकललं, आठव्या वेळी आत घेतलं आणि शिल्लक ऐकवली. पैसे काढता आले नाहीत, पण आठ संधी मिळाल्या हीच मोठी बातमी होती. बँकेने मग संधी कमी केल्या. आपल्या बाईंना वाटेल, ‘मग मला आणखी संधी का देत नाही?’ त्याचं उत्तर त्या भावाने देऊन ठेवलं आहे.

शिवाय पुन्हा पुन्हा म्हणण्यात फायदाही नसतो. दुसऱ्या नकारानंतर माणूस ओरडतो, आणि ओरडलं की सूर चढतो. नोंदणी तर शांत आवाजात केलेली. सर्दीने कापलेल्या गुणांतून संताप आणखी कापतो.

यंत्र शिकत का नाही?

बऱ्याच यंत्रणा शिकतात. फोन यशस्वी झाला की त्या दिवसाचा आवाज नमुन्यात थोडा मिसळतात, म्हणजे वयाबरोबर बदलणारा आवाज सांभाळला जातो. पण गोम ‘यशस्वी’मध्ये आहे. सर्दीचा आवाज रेषेखाली राहिला तर तो नमुन्यात जाणारच नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तोच तमाशा.

इथे कॉल सेंटरवाला हमखास एक गोड सल्ला देतो, ‘मॅडम, आवाज नव्याने नोंदवा ना.’ अजिबात नको! सर्दीत नोंदणी केलीत तर यंत्र बंद नाकाला तुमची सही समजेल आणि तुम्ही खडखडीत बऱ्या झालात की तुम्हालाच परकी ठरवेल. नोंदणी करायची ती सर्दी गेल्यावर, घोगरेपणाही गेल्यावर, आणि रोज ज्या फोनवरून बोलता त्याच फोनवरून.

तर मग ईमेल कसा हवा होता?

भाजीवाला राहू दे, वाचायला मजा येते. पण तक्रार हाताळणाऱ्याला कॉल शोधता आला पाहिजे. त्याच्या यंत्रणेत नकाराची नोंद वेळेनुसार असते. म्हणून मजकूर असा हवा:

“विषय: व्हॉइस व्हेरिफिकेशन नाकारले, पर्यायी पडताळणी हवी.
खात्याचे शेवटचे चार अंक अमुक. नोंदणीकृत मोबाइलवरून अमुक तारखेला, अमुक वाजता फोन केला. हँडसेट कानाला लावून बोलले, स्पीकर नव्हता. ‘आवाज जुळत नाही’ असे उत्तर आले व कॉल तुटला. माणसाशी जोडले नाही. मला सर्दी आहे, नोंदणी निरोगी आवाजात झाली होती. कृपया १) बरी होईपर्यंत पिन किंवा ओटीपीने पडताळणी करावी, २) नाकारलेले कॉल फसवणुकीचा प्रयत्न धरून फोन बँकिंग बंद झाले आहे का ते कळवावे, ३) आवाजाची पडताळणी कायमची बंद करून माझा नमुना पुसण्याची सोय आहे का ते लेखी कळवावे.”

दुसरा मुद्दा लोक विसरतात. लागोपाठ नकार आले की काही यंत्रणा खात्यावर संशयाची खूण लावतात, आणि मग नाक मोकळं झालं तरी दार बंदच. तिसरा मुद्दा तर आगाऊ वाटेल, पण नाही. २०१९मध्ये ब्रिटनच्या करखात्याला सुमारे ५० लाख लोकांचे आवाजाचे नमुने पुसावे लागले. नीट संमती न घेता ते गोळा केले, असा ठपका तिथल्या माहिती आयुक्तांनी ठेवला होता.

एक गोष्ट मात्र ईमेलला जोडायची नाही: ‘ऐका माझा आवाज किती बसलाय’ म्हणून केलेलं रेकॉर्डिंग. मोह होतो. पण त्यात तुम्ही पासवर्डचं वाक्य स्वतःच्या तोंडाने म्हणून ते अशा पेटीत टाकता, जी कोण कोण उघडतं हे तुम्हाला ठाऊक नाही. २०२३मध्ये ‘व्हाइस’ या प्रकाशनाच्या जोसेफ कॉक्स या पत्रकाराने संगणकाने बनवलेल्या स्वतःच्याच आवाजाने लॉइड्स बँकेची पडताळणी पार करून दाखवली. आवाजाचे नमुने मिळाले की नक्कल कठीण राहत नाही. पिन आणि ओटीपीही ईमेलमध्ये लिहायचा नाही, कितीही गोड शब्दांत मागितला तरी.

ईमेलची पोच आणि तक्रार क्रमांक जपून ठेवायचा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर जाता येतं. तिथे फी नाही. तक्रार टाइप करायची असते, त्यामुळे नाक चोंदलेलं असलं तरी चालतं.