‘थांबा’ आणि ‘मिळणार नाही’ : बाळंतपणाच्या विम्यातला फरक

मागच्या वेळी आपण पीक विम्याच्या तक्रारीबद्दल बोललो. त्यानंतर आर्णी तालुक्यातल्या एका ताईंचा निरोप आला. त्यांच्याच शब्दांत सांगते: “आमच्या घरी आम्ही दोघी जावा, दोघींचाही दवाखान्याचा विमा हाये. दोघींलेही दिवस गेले. तिले कंपनीवाले म्हणते, थांबा. मले म्हणते, भेटतच नाही. मी तर तिच्यापेक्षा जास्त वर्षं पैसे भरले. मंग मलेच कावून नाही?”

प्रश्न अगदी रास्त आहे. चार वर्षं हप्ता भरणारीला ‘नाही’ आणि दीड वर्ष भरणारीला ‘थांबा’, हे ऐकून कोणालाही वाटेल की कुठंतरी गडबड आहे. त्यांनी पॉलिसीच्या कागदांचे फोटो पाठवले होते, म्हणून नेमकं काय झालंय ते सांगता येतं. यात कोणी फसवलेलं नाही. दोघींच्या कागदांवर दोन वेगळ्या गोष्टी लिहिल्या आहेत, आणि त्या एकाच वाटतात.

आधी आपल्या गटाचं उदाहरण घेऊ. नवी बाई गटात आली, तर आपण तिला पहिल्याच महिन्यात कर्ज देत नाही. सहा महिने बचत कर, मग बघू, असं म्हणतो. बहुतेक गटांत हा नियम असतोच. तिला कर्ज नाही असं नाही, फक्त वेळ यायची आहे. सहा महिने झाले की तिचा हक्क तयार होतो. आता दुसरा नियम घ्या. दारूच्या धंद्यासाठी कर्ज मिळणार नाही, असं आपण ठराव करून लिहून ठेवलं. मग ती बाई दहा वर्षं बचत करो, त्या कामासाठी कर्ज नाही म्हणजे नाही. तिथं वर्षं मोजून उपयोग नाही.

विम्यात पहिल्या नियमाला ‘वेटिंग पीरियड’ म्हणतात, मराठीत प्रतीक्षा कालावधी. दुसऱ्याला ‘एक्सक्लूजन’ म्हणतात, म्हणजे विम्यातून वगळलेली गोष्ट. जावेच्या पॉलिसीत बाळंतपण आहे, पण त्याला प्रतीक्षा कालावधी आहे. आपल्या ताईंच्या पॉलिसीत बाळंतपण वगळलेलंच आहे. म्हणून ताईंची चार वर्षं इथं मोजली जात नाहीत.

ताईंची पॉलिसी कोणती? ‘आरोग्य संजीवनी’. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, सगळ्या कंपन्यांना सारख्याच अटींवर विकायला लावलेली ही पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून मिळते. साधी, समजायला सोपी, म्हणून आपल्याकडं पुष्कळ बायांनी ती घेतली. मलेरिया, अपघात, मोतीबिंदू, ऑपरेशन यांना ती कामाची आहे. पण तिच्या अटींत बाळंतपण वगळलेल्या गोष्टींत आहे. साधं बाळंतपण असो की सिझेरियन, अडलेली बाळंतीण असो, गर्भपात असो, त्याचा खर्च त्यात बसत नाही.

मग हा गोंधळ होतो कुठं? पॉलिसीच्या जाड पुस्तकातच होतो. तिथं ‘एक्सक्लूजन’ असं एक मोठं प्रकरण असतं, आणि त्या एकाच प्रकरणात दोन्ही गोष्टी छापलेल्या असतात. नियामकाने प्रत्येक अटीला ठरावीक कोड नंबर दिले आहेत. पहिले तीन नंबर प्रत्यक्षात प्रतीक्षा कालावधीचे आहेत: १ म्हणजे आधीपासूनचा आजार, २ म्हणजे हर्निया, गर्भाशय काढणं असे ठरावीक आजार, ३ म्हणजे पॉलिसी घेतल्यानंतरचे पहिले तीस दिवस. हे तिन्ही वेळ गेली की संपतात. पण त्याच यादीत पुढं १८ नंबरवर बाळंतपण आहे, आणि ते वेळ गेल्याने संपत नाही. आता सांगा, मथळा एकच, यादी एकच, मग वाचणारीला फरक कळणार कसा? मला तर वाटतं, ही मांडणी करणाऱ्यांनी एकदा आपल्या गावात येऊन ती वाचून दाखवावी.

यासाठी एक दुसरा कागद आहे, तो मागा. त्याला ग्राहक माहिती पत्रक म्हणतात, इंग्रजीत ‘कस्टमर इन्फर्मेशन शीट’. पॉलिसीसोबत तो देणं कंपनीला बंधनकारक आहे, आणि आपण मागितला तर मराठीतही द्यायचा असतो. त्यात वगळलेल्या गोष्टींचा रकाना वेगळा आणि प्रतीक्षा कालावधीचा रकाना वेगळा असतो. ‘मॅटर्निटी’ हा शब्द कोणत्या रकान्यात आहे ते पाहिलं की तुमचं उत्तर सापडलं. प्रतीक्षेच्या रकान्यात असेल तर पुढं किती महिने ते लिहिलेलं असेल. काही पॉलिसींत नऊ महिने असतात, काहींत दोन वर्षं, काहींत तीन-चार.

एक अपवाद मात्र ध्यानात ठेवा. काही पॉलिसींत वगळलेल्या यादीत बाळंतपण असतं आणि तरीही वेगळा हप्ता घेऊन ते जोडून दिलेलं असतं. अशा वेळी पॉलिसीच्या पहिल्या पानांवर, जिथं तुमचं नाव, रक्कम, तारीख असते, तिथं त्या जोड-कव्हरचं नाव आणि त्याची रक्कम छापलेली पाहिजे. तिथं छापलेलं असेल तर ते चालतं. एजंट तोंडी म्हणाला असेल आणि कागदावर नसेल, तर नाही.

आता जावेचा हिशोब करू. तिची पॉलिसी १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाली. बाळंतपणासाठी प्रतीक्षा २४ महिने. म्हणजे ती ११ जानेवारी २०२६ ला संपते. डॉक्टरांनी तिला तारीख दिली आहे १९ जानेवारी २०२६. दिवस गेले तेव्हा प्रतीक्षा चालूच होती, म्हणून ती घाबरली होती. पण साधारणपणे पाहिली जाते ती बाळंतपणाची, दवाखान्यात भरती होण्याची तारीख. दिवस कधी राहिले ते नाही. तिच्या कागदावरही तसंच लिहिलं आहे. म्हणजे दिलेल्या तारखेला झाली तर तिचा दावा बसतो. त्यालाही मर्यादा असते. तिच्या पॉलिसीची एकूण रक्कम तीन लाख असली तरी बाळंतपणाला साध्यासाठी २५ हजार आणि सिझेरियनला ४० हजार एवढंच आहे. खासगी दवाखान्याचं बिल ६० हजार झालं, तर वरचे २० हजार घरातून.

पण बाळ आठ-दहा दिवस आधी आलं तर? मग ती प्रतीक्षा कालावधीतच बाळंत झाली, दावा बसणार नाही. काही घरांत यावर तोडगा म्हणून डॉक्टरांना ‘तारीख थोडी पुढं ढकला’ म्हणतात, किंवा कागदावर वेगळी तारीख लिहा म्हणतात. हे अजिबात करू नका. बाळ कधी काढायचं हे बाळ-बाळंतिणीच्या तब्येतीवर ठरतं. आणि खोटी तारीख सापडली तर तोच दावा नाही, पॉलिसीही जाऊ शकते. त्यापेक्षा आधीच पैशाची सोय लावून ठेवा. गटाकडून कर्ज लागणार असेल तर डिसेंबरच्या मीटिंगमध्येच सांगा.

आणखी एक गोष्ट जावेनं जपायची. जानेवारी २०२५ ला तिनं पॉलिसीचं नूतनीकरण वेळेवर केलं होतं, म्हणून मोजणी पुढं चालू राहिली. वर्षाच्या पॉलिसीत तारीख उलटल्यावर साधारण तीस दिवसांची सवलत असते. तीही गेली की पॉलिसी तुटते, आणि नवीन घेतली की प्रतीक्षा पुन्हा पहिल्या दिवसापासून. आपल्याकडं हा धोका जास्त, कारण कापूस विकून पैसा हातात येतो तो नोव्हेंबरनंतर. ज्यांचा हप्ता ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येतो त्यांची ओढाताण होते. पॉलिसी घेतानाच ती विकण्याच्या हंगामानंतर सुरू होईल असं बघितलं तर पुढं त्रास कमी.

आता आपल्या ताईंकडं. त्यांनी विचारलं, “मी आत्ता दुसऱ्या कंपनीत पॉलिसी नेली तर?” पॉलिसी दुसरीकडं नेता येते आणि जुन्या आजारांच्या प्रतीक्षेची भरलेली वर्षं सोबत जातात. पण बाळंतपण जुन्या पॉलिसीत नव्हतंच, तर त्याची वर्षं कशी जाणार? ती नव्या ठिकाणी एकपासून सुरू होतील. म्हणजे या बाळंतपणाला उपयोग नाही. पुढच्या वेळेसाठी विचार असेल तर वेगळी गोष्ट.

पण ताई, तुमची पॉलिसी फेकून देऊ नका. त्याच १८ नंबरच्या अटीत एक सवलत लिहिलेली आहे, जी बहुतेक बायांना माहीत नसते. गर्भ गर्भाशयाऐवजी गर्भनलिकेत राहिला, तर त्याच्या उपचाराचा खर्च या वगळण्यात येत नाही. हा प्रकार जिवावर बेतणारा असतो: पोटाच्या एका बाजूला अचानक जोराची कळ, चक्कर, कधी थोडं रक्त जाणं. अशा वेळी लगेच ऑपरेशन लागू शकतं. त्याचा दावा कोणी ‘हे बाळंतपणाचं आहे’ म्हणून नाकारला, तर ते चूक आहे. अपघातामुळं गर्भपात झाला तर तोही वगळलेला नाही. आणि गरोदरपणात डेंग्यू झाला, तर तो डेंग्यू आहे, बाळंतपण नाही. पॉलिसीचे पहिले तीस दिवस उलटले असतील तर त्याचा दावा करा.

दावा नाकारला तर तोंडी उत्तरावर घरी येऊ नका. कोणत्या अटीमुळं नाकारला, तिचा नंबर लिहून मागा. नंबर १, २, ३ असेल तर तारखा मोजायच्या. १८ असेल तर आजार खरंच बाळंतपणाचा आहे का ते पाहायचं. पटलं नाही तर आधी कंपनीकडं लेखी तक्रार, मग १५५२५५ या नंबरवर नियामकाकडं, आणि कंपनीनं महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा ते पटलं नाही तर विमा लोकपालाकडं. लोकपालाकडं वकील लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

नवीन पॉलिसी घेतलेल्या बायांनी कागद हातात आल्यापासून तीस दिवसांच्या आत वाचावा. बाळंतपणासाठी म्हणून घेतली आणि ते वगळलेलं निघालं, तर या तीस दिवसांत ती परत करता येते आणि थोडा खर्च कापून पैसे परत मिळतात. त्यानंतर हा रस्ता बंद होतो.

आणि ताई, तुमच्या या बाळंतपणासाठी विमा नाही, म्हणून खासगीतच जाऊन कर्ज काढलं पाहिजे असं नाही. सरकारी दवाखान्यात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात, जो २०११ पासून चालू आहे, बाळंतपण मोफत आहे आणि सिझेरियनही मोफत आहे. औषधं, तपासण्या, रक्त लागलं तर रक्त, साध्या बाळंतपणात तीन दिवस आणि सिझेरियनमध्ये सात दिवस जेवण, आणि नेण्या-आणण्याची गाडी यात येते. त्यासाठी कोणतीही पॉलिसी लागत नाही, प्रतीक्षा कालावधीही नाही. आशाताईंकडं नाव नोंदवलेलं आहे ना, तेवढं पाहा, आणि १०२ नंबर मोबाइलमध्ये ठेवा. अडचणीची बाळंतीण असेल तर यवतमाळच्या वसंतराव नाईक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवतात, म्हणून सोनोग्राफीचे आणि रक्त तपासणीचे कागद एका पिशवीत आजच एकत्र करून ठेवा.