निष्कर्ष मोडून पाहताना

बँकेच्या लिपिक किंवा अधिकारी पदाच्या पूर्वपरीक्षेत तर्कशक्तीच्या ३५ प्रश्नांना २० मिनिटे मिळतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ३४ सेकंद. त्यांत असमानतेचे प्रश्न हमखास असतात आणि अनेक उमेदवार ते आधी उरकतात, कारण इथे पाठांतर नको, मोठी आकडेमोड नको. तरीही गुण जातात. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो, त्यामुळे फटका दुहेरी बसतो. बहुतेक चुकांच्या मुळाशी एकच घोटाळा असतो. निष्कर्ष ‘असू शकतो’ इतक्यावरच उमेदवार तो मान्य करतात, आणि प्रश्न मात्र तो ‘असायलाच हवा का’ असे विचारत असतो.

या प्रश्नांत पेक्षा मोठा, पेक्षा लहान ही नेहमीची चिन्हे लपवलेली असतात. सुरुवातीला संकेतांची यादी येते आणि ती बहुधा नकारात लिहिलेली असते. आपण पुढची यादी धरू.

P # Q : P हा Q पेक्षा लहान नाही.
P @ Q : P हा Q पेक्षा लहानही नाही आणि Q एवढाही नाही.
P & Q : P हा Q पेक्षा मोठाही नाही आणि Q एवढाही नाही.
P % Q : P हा Q पेक्षा मोठा नाही.
P * Q : P हा Q पेक्षा मोठाही नाही आणि लहानही नाही.

दोन संख्यांत तीनच नाती संभवतात: मोठी, समान, लहान. प्रत्येक नकार त्यांतल्या एकदोन शक्यता खोडतो. ज्या उरतात तेच त्या चिन्हाचे नाते. ‘लहान नाही’ म्हटल्यावर मोठा आणि समान या दोन्ही शक्यता शिल्लक राहतात, म्हणून # चा अर्थ ≥. त्याला घाईत > समजले की पुढचे सगळे बिघडते. खोडत गेल्यास @ म्हणजे >, & म्हणजे <, % म्हणजे ≤ आणि * म्हणजे =. हे पाच अर्थ कच्च्या कागदावर एका ओळीत लिहून ठेवावेत; डोक्यात ठेवू नयेत. > आणि < ही चिन्हे थॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या, त्याच्या मृत्यूनंतर १६३१ मध्ये छापलेल्या ग्रंथात प्रथम आली. समानतेची शक्यता सामावणारी चिन्हे त्यानंतर शंभर वर्षांनी, १७३४ मध्ये, फ्रान्सच्या प्येर बुगेर याने वापरली. परीक्षेतला सगळा पेच याच दोन प्रकारच्या चिन्हांमधल्या फरकावर उभा असतो.

आता विधाने घेऊ: T @ R, D @ R, M # K, K * T.

अर्थ लावल्यावर T > R, D > R, M ≥ K आणि K = T असे मिळते. विधाने मुद्दाम उलटसुलट क्रमाने दिलेली असतात, म्हणून समान अक्षरे शोधून ती जोडायची. K दोन विधानांत आहे, तिथून M ≥ K = T. पुढे T कडून R कडे जाता येते. D > R हे विधान उलट्या बाजूने वाचले की R < D. चारही मिळून एक साखळी तयार होते:

M ≥ K = T > R < D

पहिला निष्कर्ष: M @ R, म्हणजे M > R. M पासून R पर्यंत जाताना प्रत्येक पायरी एकतर सपाट आहे किंवा उताराची. कुठेही चढ नाही. आणि T > R या पायरीला उतार नक्की आहे. वाटेत एक जरी पक्का उतार असेल, तर दोन्ही टोके समान असू शकत नाहीत. म्हणून M > R निश्चित. हाच निष्कर्ष R & M असा लिहून आला तरी उत्तर तेच, कारण फक्त वाचण्याची बाजू बदलली आहे.

दुसरा निष्कर्ष: D @ T, म्हणजे D > T. T कडून R कडे उतार आहे आणि R कडून D कडे चढ. किती उतरलो आणि किती चढलो हे विधाने सांगत नाहीत, त्यामुळे T आणि D यांचे नाते ठरत नाही. शंका असेल तर आकडे घालून पाहावे. M, K, T तिघेही ५, R = २ आणि D = ९ घेतले तर D मोठा. D = ३ घेतला तर चारही विधाने तशीच खरी राहतात, पण D लहान ठरतो. निष्कर्ष मोडणारे असे एक उदाहरण सापडले की तो बाद. उलट, निष्कर्षाला जुळणारी दहा उदाहरणे सापडली तरी तो सिद्ध होत नाही. त्यामुळे आकडे घ्यायचे ते निष्कर्ष मोडण्यासाठीच.

खरी गंमत पुढच्या जोडीत आहे. तिसरा निष्कर्ष M @ T आणि चौथा M * T. साखळी सांगते की M ≥ T. म्हणून ‘M मोठा’ हे एकट्याने निश्चित नाही आणि ‘M समान’ हेही नाही. उमेदवार दोन्हींवर फुली मारतो आणि ‘एकही सत्य नाही’ हा पर्याय निवडतो. पण M ≥ T चा अर्थच असा की या दोनांपैकी एक खरे असणारच. कोणते ते कळत नाही, तरी दोन्ही एकाच वेळी खोटी होऊ शकत नाहीत. म्हणून उत्तर ‘एकतर तिसरा किंवा चौथा’. शेवटच्या क्षणी गुण हुकतात ते बहुधा इथेच.

अशी जोडी ओळखण्यासाठी आधी दोन्ही निष्कर्ष स्वतंत्रपणे अनिश्चित ठरले पाहिजेत. एक जरी निश्चित असेल तर ‘एकतर’चा प्रश्नच उरत नाही. मग पाहायचे, की विधानांनी मोकळ्या ठेवलेल्या सर्व शक्यता या जोडीत येतात का. D आणि T मध्ये तिन्ही नाती मोकळी आहेत. निष्कर्ष D @ T आणि D % T असे असतील, तर पहिल्यात ‘मोठा’ आला आणि दुसऱ्यात ‘समान किंवा लहान’. तिन्ही शक्यता झाकल्या, म्हणून एकतर-किंवा. पण D @ T आणि D & T अशी जोडी दिली तर ‘समान’ ही शक्यता बाहेर राहते. D = ५, T = ५, R = २ घेऊन पाहा: दोन्ही निष्कर्ष एकदम कोसळतात. ‘मोठा’ आणि ‘लहान’ ही एकमेकांची उलट नाती वाटतात, म्हणून ही जोडी फसवते.

शिकवण्यांत सांगितले जाते की दोन्ही निष्कर्षांत तीच दोन अक्षरे असली पाहिजेत. बहुतेक वेळा ते चालते, पण हा केवळ आडाखा आहे. M @ T आणि M * K ही जोडी घ्या. अक्षरे वेगळी आहेत, पण साखळीत K = T असल्यामुळे M * K म्हणजेच M * T. जोडी तिथेही पूर्ण होते. म्हणून साखळीत = दिसले की त्याच्या दोन्ही बाजूंची अक्षरे एकच समजून निष्कर्ष वाचावेत.

काही प्रश्नांत निष्कर्षच ‘शक्य आहे’ अशा शब्दांत येतो. तिथे कसोटी उलटी होते. ‘D हा T पेक्षा मोठा असणे शक्य आहे’ याला मघाचे D = ९ हे एकच उदाहरण पुरते आणि निष्कर्ष सत्य ठरतो. ‘R हा M एवढा असणे शक्य आहे’ हे मात्र असत्य, कारण M > R आधीच पक्के झाले आहे आणि कोणतेही आकडे घेतले तरी ते दोघे समान येणार नाहीत.