कण तोच, रंग मात्र वेगळा

पदार्थाचा रंग त्याच्या घटकांवरून ठरतो, असा आपला नित्याचा अनुभव आहे. कॅडमियम सेलेनाइड या अर्धवाहकाचे अतिसूक्ष्म स्फटिक मात्र या अनुभवाला अपवाद ठरतात. ६ नॅनोमीटर व्यासाचे स्फटिक द्रवात मिसळून त्यांवर अतिनील किरण टाकले असता द्रव तांबडा उजळतो. तेच स्फटिक ३ नॅनोमीटरचे असल्यास तो हिरवा दिसतो. (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग.) अशा कणांना पुंजबिंदू म्हणतात.

याचे कारण इलेक्ट्रॉनच्या तरंगरूपात आहे. प्रकाश शोषून वरच्या पातळीवर गेलेला इलेक्ट्रॉन खाली परततो, तेव्हा दोन पातळ्यांतील ऊर्जाअंतराइतकी ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते. मोठ्या स्फटिकात हे अंतर सुमारे १.७४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते. परंतु कण लहान झाला की इलेक्ट्रॉनचा तरंग कोंडला जातो. तार आखूड केली की तिचा सूर चढतो, त्याचप्रमाणे येथे ऊर्जा चढते.

साध्या गणितानुसार व्यास निम्मा केल्यास ही वाढीव ऊर्जा चौपट व्हावयास हवी. ६ नॅनोमीटरच्या कणाची एकूण ऊर्जा सुमारे २.० असते, म्हणजे वाढ ०.२६. ३ नॅनोमीटरच्या कणात ही वाढ १.०४ होऊन एकूण २.७८, म्हणजे निळा प्रकाश मिळावा. प्रत्यक्षात सुमारे २.३ म्हणजे हिरवाच मिळतो. कणाच्या भिंती पूर्णपणे अभेद्य नसतात व इलेक्ट्रॉन काहीसा बाहेर डोकावतो, हे या तफावतीचे एक प्रमुख कारण होय. दिशा बरोबर, पण चौपटीचा नियम इतक्या लहान कणांना तंतोतंत लागू पडत नाही.

कण लहान होताना दुसराही बदल घडतो. गोलाचा पृष्ठभाग आणि घनफळ यांचे गुणोत्तर व्यासाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. बाहेरचा ०.३ नॅनोमीटर जाडीचा थर म्हणजे पृष्ठभाग असे मानले, तर ६ नॅनोमीटरच्या कणाचे २७ टक्के घनफळ त्यात येते. २ नॅनोमीटरच्या कणाचे तब्बल ६६ टक्के. पृष्ठभागावरील अणूंचे काही बंध अपुरे राहतात. इलेक्ट्रॉन तेथे अडकला की त्याची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते, किंवा अपेक्षित रंगाऐवजी तांबूसपणाकडे झुकणारा, पसरट व मंद प्रकाश बाहेर पडतो. अशी झाक दिसली की दोष पृष्ठभागाचा आहे असे समजावे. रंग स्वच्छ न राहता केवळ मिसळलेला वाटला, तर कण असमान आकाराचे असण्याचा संभव अधिक.

दोन्ही दोषांवर उपाय सापडले आहेत. १९९३ साली मौंजी बावेंडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तप्त द्रावकात रसायने एकदम सोडून जवळजवळ समान आकाराचे कण तयार केले. पुढे कणांवर झिंक सल्फाइडचे पातळ कवच चढविण्यात आले. त्यामुळे अपुरे बंध झाकले जाऊन प्रकाश प्रखर झाला. बावेंडी, लुई ब्रुस आणि अलेक्सी एकिमोव्ह यांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक पुंजबिंदूंच्या शोधाबद्दल व निर्मितीबद्दल देण्यात आले. कॅडमियम विषारी असल्याने इंडियम फॉस्फाइडचे कणही वापरले जातात. तेथेही रंग ठरतो तो आकारानेच.