ASMT-10 आली? उत्तर असं लिहा

जीएसटीची ASMT-10 नोटीस ही मागणी नसते. विवरणपत्रात तफावत दिसली, खुलासा द्या, एवढंच अधिकारी विचारतात. उत्तर ASMT-11 मध्ये, नोटिशीत दिलेल्या मुदतीत द्यायचं. ही मुदत जास्तीत जास्त ३० दिवसांची असते.

समजा, तंजावरच्या एका चित्रविक्रेत्याने पुण्याच्या दुकानाला तंजावर शैलीतलं चित्र विकलं. ते परत आलं. २८ जून २०२४ला क्रेडिट नोट निघाली. जूनच्या GSTR-3B मध्ये कर ₹६,००० ने कमी भरला, पण GSTR-1 मध्ये ती नोट जुलैत दाखवली. साहजिकच नोटीस आली.

अशा वेळी ‘आम्ही नियमित करदाते आहोत, आमची चूक नाही’ हे लिहू नका. त्याने आकडा जुळत नाही. माझ्या मते एवढं पुरे:

‘महोदय, आपल्या नोटिशीतील ₹६,००० ची तफावत मान्य आहे. ती २८ जून २०२४ च्या क्रेडिट नोटमुळे आहे. ही नोट GSTR-1 मध्ये जुलैत दाखवली असून जुलैच्या GSTR-3B मध्ये तिची वजावट पुन्हा घेतलेली नाही. दोन्ही महिन्यांचा ताळमेळ, मूळ बिल आणि क्रेडिट नोट सोबत जोडली आहे.’

यातलं ‘पुन्हा घेतलेली नाही’ हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण अधिकाऱ्यांची खरी शंका तीच असते. पाठवण्याआधी जुलैचं विवरणपत्र स्वतः तपासा. वजावट दोनदा गेली असेल, तर कर व व्याज DRC-03 ने भरून तसं उत्तरात लिहा.

खुलासा मान्य झाला की ASMT-12 येते. ती जपून ठेवा.