एका पायावर दोन मजले

उजव्या घोट्याची दोन्ही बाजूंची हाडं मोडली, प्लेट-स्क्रू बसवले आणि डॉक्टरांनी बजावलं, ‘सहा आठवडे या पायावर भार नाही.’ घर मात्र लिफ्ट नसलेल्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. असा पेशंट घरी जाण्याआधी फिजिओथेरपिस्ट त्याच्याकडून जिन्याचाही सराव करून घेतात.

‘भार नाही’ म्हणजे अंगठाही टेकवायचा नाही. गुडघा थोडा वाकवून पाय अधांतरी ठेवायचा.

आधी कुबड्यांची उंची बघावी. ताठ उभं राहिल्यावर वरची गादी काखेच्या दोन-तीन बोटं खाली हवी. हात सैल सोडले की मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. कुबडी उंच झाली किंवा थकल्यावर माणूस काखेवर रेलला, की तिथली नस दाबली जाते. हाताला मुंग्या येतात, पुढे मनगट वर उचलेनासं होतं. अंगाचा भार तळव्यांवरच घ्यायचा आणि गाद्या बरगड्यांशी दाबून धरायच्या.

चालताना दोन्ही कुबड्या एक छोटं पाऊल पुढे ठेवायच्या, मुठी दाबायच्या आणि चांगला पाय कुबड्यांच्या रेषेपर्यंत आणायचा. सुरुवातीला त्यापुढे झेप घेऊ नये. वळतानाही टाचेवर गर्रकन न फिरता लहान लहान पावलांनी वळावं.

जिन्यावर एका हाताने कठडा धरायचा आणि दुसऱ्या बाजूच्या काखेत एक कुबडी घ्यायची. उरलेली कुबडी सोबतच्या माणसाकडे द्यावी. चढताना कठडा आणि कुबडी दाबून चांगला पाय वरच्या पायरीवर ठेवायचा. त्याच्या जोरावर अंग वर आलं, की मागून कुबडी आणि ऑपरेशनचा पाय न्यायचा. उतरताना क्रम उलटा होतो: कुबडी खालच्या पायरीवर, कठड्यावरचा हात थोडा पुढे, ऑपरेशनचा पाय पुढे अधांतरी, आणि शेवटी चांगला पाय खाली. दोन्ही वेळा खरं काम चांगल्या पायाच्या मांडीचं असतं. चढताना ती शरीर उचलते, उतरताना वरच्या पायरीवरून ते सावकाश खाली सोडते. म्हणून एकेका पायरीवर थांबून तोल सावरायचा.

कठडा एकाच बाजूला असेल तर चढताना डावीकडे असलेला उतरताना उजवीकडे येतो, म्हणून सराव दोन्ही हातांनी झालेला हवा. सोबतच्या माणसाने नेहमी खालच्या बाजूला राहायचं: चढताना मागे, उतरताना पुढे. दंड धरला तर कुबडी हलते, त्यापेक्षा कमरेचा पट्टा धरलेला बरा.

कठडा डगमगता असेल किंवा हातांत तेवढी ताकद नसेल, तर बसून चढता येतं. जिन्याकडे पाठ करून पायरीवर बसायचं, तळवे वरच्या पायरीवर टेकायचे आणि चांगल्या पायाने रेटा देत एकेक पायरी मागे सरकायचं. यात अवघड असतं ते वर पोचल्यावर उठणं. त्यासाठी तिथे न सरकणारी खुर्ची आणि आधाराला एक माणूस आधीच तयार ठेवावा.